सीटी स्कॅनच्या आधी आजोबांचा टीएसएच तपासा

प्रश्न: डॉक्टर, माझे आजोबा ७७ वर्षांचे आहेत. दिवाळीत ६३ किलो होते, आता ५४ भरले. जेवणावरून मन उडालंय, एका पोळीत उठतात. खाली बसले की हाताला धरून उठवावं लागतं. बोलणं कमी झालंय, दिवसभर दिवाणावर पडून असतात. शुगर, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी सगळं नॉर्मल आलं. बीपीची गोळी जुनीच चालू आहे. बाबांना कॅन्सरची भीती वाटते, म्हणून पुढच्या आठवड्यात इंजेक्शन देऊन करतात तो सीटी स्कॅन ठरलाय. काका म्हणतात, वय झालं, आता उगाच त्रास देऊ नका. आम्ही काय करावं?
– एक नात, मानेवाडा, नागपूर

उत्तर: सीटी रद्द करू नका, पण त्याच्या आधी आजोबांचं रक्त देऊन थायरॉइडच्या तीन गोष्टी तपासून घ्या: टीएसएच, फ्री टी-४ आणि टी-३. साधी रक्ततपासणी आहे, उपाशीपोटी जायची गरज नाही, रिपोर्ट बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळतो. काकांची माया मी समजू शकते, पण वयाने माणूस हळू होतो, तो काही महिन्यांत असा झडत नाही. कारण शोधायलाच हवं, आणि शोधायच्या कारणांत थायरॉइड अगदी वर असायला हवा.

थायरॉइड म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती वजन वाढलेली, सुस्तावलेली, सकाळी उठल्याबरोबर गोळी घेणारी बाई. तो झाला कमी चालणारा थायरॉइड. गळ्यातल्या याच ग्रंथीचं काम जास्त वाढलं की उलटं होतं: शरीर स्वतःलाच जाळत सुटतं, वजन उतरतं, छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो. तरुण माणसात हे सगळं ठळक दिसतं. तो खा-खा खातो आणि तरी वाळतो, चिडतो, रात्रभर जागतो. म्हाताऱ्या माणसात हाच आजार गप्प येतो. भूक वाढण्याऐवजी मरते, चिडचिड होण्याऐवजी माणूस कोपऱ्यात बसतो. अमेरिकेतले शल्यचिकित्सक फ्रँक लेही यांनी १९३१ साली या निस्तेज प्रकाराकडे डॉक्टरांचं लक्ष वेधलं होतं. तरीही आजसुद्धा तो घरात आणि दवाखान्यात दोन्हीकडे सुटतो, कारण पाहणाऱ्याला त्यात म्हातारपण दिसतं, नाहीतर उदासी, नाहीतर कॅन्सर.

माझ्याकडे आलेल्या एका आबाजींची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचे तसेच ठेवले आहेत. आबाजी ७८ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त, मुलगा-सून-नातवंडांसोबत राहणारे. दिवाळी ते होळी या काळात त्यांचं वजन ६१ वरून ५१ वर आलं. छातीचा फोटो साफ, थुंकीत टीबीचे जंतू नाहीत, शुगर ठीक. आयुष्यभर खर्रा खाल्लेला असल्यामुळे तोंडही नीट तपासून झालं होतं, तिथेही काही नव्हतं. मुलगा म्हणाला, "मॅडम, एकदा पूर्ण बॉडीचा सीटी करून टाकू." आबाजींना विचारलं तर ते म्हणाले, "मले काही नाही होऊन राहिलं. फक्त ताकद नाही राहिली."

ही ताकद नेमकी कुठली गेली, ते मी आधी पाहिलं. त्यांच्या हाताची पकड चांगली होती, माझं बोट त्यांनी घट्ट दाबलं. पण बिनहाताच्या खुर्चीवर बसवून, दोन्ही हात छातीवर घडी करून उठायला सांगितलं तेव्हा त्यांना उठता येईना. पुढे झुकले, पुन्हा मागे बसले, मग हात मांड्यांवर टेकवून उठले. सून म्हणाली, देवपूजेनंतर पाटावरून उठताना ते भिंत धरतात, आणि जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला ओढतात. थायरॉइड जास्त झाला की असंच होतं: मांड्या, कुल्हे आणि खांद्यांचे मोठे स्नायू आधी झिजतात, बोटं मात्र शाबूत राहतात. माणूस शर्टाची बटणं लावतो, पण भारतीय पद्धतीच्या संडासातून उठू शकत नाही. हाच प्रयोग तुम्ही आजोबांवर आज घरी करून पाहा, फक्त पडू नयेत म्हणून एकजण शेजारी उभा ठेवा.

मग घरच्यांशी बोलताना दोन गोष्टी निघाल्या, ज्या त्यांनी आनंदाच्या म्हणून सांगितल्या. आबाजींना वीस वर्षांची बद्धकोष्ठता, रात्री इसबगोल घेतल्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही. त्या हिवाळ्यात इसबगोलचा डबा तसाच पडून होता, कारण आता गरजच लागत नव्हती. आणि दरवर्षी १९० च्या आसपास असणारं कोलेस्टेरॉल त्या वर्षी ११८ आलं होतं, तेही गोळीशिवाय. सगळ्यांनी त्याचं श्रेय पथ्याला दिलं होतं. खरं कारण एकच होतं. थायरॉइडचं संप्रेरक जास्त झालं की आतडी भराभर हलतात आणि यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त वेगाने उचलतं. तुमच्या आजोबांना पूर्वी पोटाचा त्रास असेल आणि तो अलीकडे आपोआप सुटला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. मात्र बद्धकोष्ठता कायम आहे म्हणून थायरॉइड नाही, असं धरू नका. या वयात ती टिकूनही राहते.

नातवाने तिसरी गोष्ट सांगितली: आबाजी जानेवारीतही पंखा लावून झोपायचे. नागपूरची जानेवारीतली रात्र सगळ्यांना ठाऊक आहे, घरात बाकीचे दोन-दोन पांघरुणं घेऊन झोपलेले. हे चिन्ह आपल्या गावात उन्हाळ्यात सापडत नाही. एप्रिल-मे महिन्यात प्रत्येकजण कूलरसमोर बसतो, प्रत्येकाला थकवा असतो, आणि उतरलेलं वजन उन्हाच्या नावावर जातं.

नाडी पाहिली तर मिनिटाला ११६, आणि ठोके विस्कळीत, दोन जवळ-जवळ तर तिसरा उशिरा. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन दिसलं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत होते. साठीनंतर थायरॉइड जास्त झालेल्यांमध्ये हे वारंवार सापडतं, आणि याचा धोका लकव्याचा असतो, कारण थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. आबाजींना धडधड जाणवतच नव्हती. म्हणून सांगते, आजोबांच्या मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. शांत बसलेले असताना ती ९० च्या वर असेल किंवा ठोक्यांना ताल नसेल, तर सीटीची वाट न पाहता एक-दोन दिवसांतच ईसीजी काढा. इथे एक अडचण आहे. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर औषधाचं नाव वाचा. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखं 'लॉल'ने संपणारं नाव असेल तर ती गोळी नाडी दाबून ठेवते आणि हाताचा कंपही झाकते, त्यामुळे ७६ ची शांत नाडी पाहून निश्चिंत होऊ नका. गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करायची नाही, अचानक सोडली तर हृदयाला त्रास होतो.

गळ्यावर वरवर पाहता काही नव्हतं. आबाजींना घोटभर पाणी प्यायला दिलं आणि मागून उभी राहून हात लावला, तेव्हा उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ गिळण्याबरोबर वर-खाली झाली. म्हाताऱ्या माणसाचा थायरॉइड बऱ्याचदा छातीच्या हाडामागे उतरलेला असतो, म्हणून हाताला गाठ लागली नाही तरी शंका मिटत नाही. डोळे बटबटीत होणं तर या वयात फार थोड्यांना दिसतं.

आता रिपोर्टबद्दल, कारण सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. आबाजींचा टीएसएच तीन महिन्यांपूर्वीच एका चेकअप पॅकेजमध्ये तपासून झाला होता! फाइलमध्ये कागद होता. आकडा ०.०१ पेक्षा कमी, नॉर्मल ०.४ ते ४. शेजारी 'कमी' अशी खूण. घरच्यांनी अर्थ लावला की आबाजींचा थायरॉइड कमी आहे, आणि एका नातेवाईक बाईंनी स्वतःच्या थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली द्यायची तयारीही दाखवली होती. सुनेने ती घेतली नाही, म्हणून निभावलं. टीएसएच हे थायरॉइडचं संप्रेरक नाही. ते मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉइडला काम करायला लावतं. गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की आपण खालची मोटर बंद करतो, तसं रक्तात थायरॉइडचं संप्रेरक जास्त झालं की पिट्यूटरी टीएसएच बंद करते. म्हणजे टीएसएच तळाला गेलेला असेल तर बहुतेक वेळा थायरॉइड जास्त असतो. अशा माणसाला थायरॉक्सिनची गोळी दिली तर आगीत तेल पडेल.

मी बहुतेक वेळा म्हणाले, कारण नुसत्या टीएसएचवर निदान करायचं नसतं. मोठ्या आजारपणात किंवा स्टेरॉइड चालू असताना तो थोडा खाली जातो. केसांसाठी किंवा नखांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांतलं बायोटिन काही यंत्रांना फसवतं आणि अगदी जास्त थायरॉइडसारखा रिपोर्ट आणतं. आजोबा अशी गोळी घेत असतील तर लॅबला सांगा आणि रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती थांबवा. म्हणूनच थायरॉइडची स्वतःची संप्रेरकं, फ्री टी-४ आणि टी-३, सोबत हवीत. आबाजींचा फ्री टी-४ ३.१ आला, त्या लॅबमध्ये १.८ पर्यंत नॉर्मल होता. टी-३ मात्र किंचितच वाढलेला. म्हातारपणात हे असं चालतं. उलट काहींचा टी-४ नॉर्मल असतो आणि फक्त टी-३ वाढलेला असतो, म्हणून दोन्ही पाहायचे.

आणि आता सीटीचं. इंजेक्शन देऊन केलेल्या सीटीत जे औषध शिरेतून जातं, त्यात आयोडीन असतं. माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, या एका इंजेक्शनात ते कित्येक ग्रॅम असतं. थायरॉइडमध्ये स्वतःच्या मर्जीने काम करणारी गाठ असेल तर तिला एवढा कच्चा माल मिळाला की ती आणखी संप्रेरक बनवू शकते, आणि आधीच थकलेलं हृदय पुढच्या काही आठवड्यांत कोलमडू शकतं. दुसरं नुकसान असं, की थायरॉइड असा का वागतोय हे दाखवणारा स्कॅन त्यानंतर साधारण सहा ते आठ आठवडे करता येत नाही, कारण आयोडीनने भरलेली ग्रंथी स्कॅनचं औषध उचलत नाही. रक्ताचा रिपोर्ट एका दिवसात येतो, म्हणून तो आधी. टीएसएच नॉर्मल आला तर सीटी ठरल्या दिवशी करा, एक दिवसही पुढे ढकलू नका. टीएसएच तळाला आला तर सीटी करणाऱ्या आणि लिहून देणाऱ्या, दोन्ही डॉक्टरांना तो कागद दाखवा. सीटी खरंच तातडीचा असेल तर ते आधी औषध देऊन तो करू शकतात. हा निर्णय त्यांचा.

आबाजींचा तसाच स्कॅन झाला, टेक्निशियमचा. उजवीकडची ती गाठ काळीभोर उमटली आणि बाकी ग्रंथी जवळपास दिसलीच नाही. म्हणजे एकटी गाठ काम करत होती, उरलेली ग्रंथी झोपलेली. अशी 'गरम' गाठ कॅन्सरची असणं फार दुर्मीळ, हे ऐकून मुलगा तिथेच खुर्चीत बसला आणि रडला. काहींमध्ये अशा अनेक गाठी निघतात, काहींमध्ये पूर्ण ग्रंथीच तापलेली असते. आणि काहींमध्ये स्कॅन फिका येतो, म्हणजे सुजलेल्या ग्रंथीतून साठवलेलं संप्रेरक नुसतं गळतंय. त्या प्रकारात पुढे सांगितलेली गोळी उपयोगाची नाही, म्हणून स्कॅन न करता घाईने गोळी सुरू करणं मला पटत नाही. हृदयाची अमिओडारोन नावाची गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिच्यात भरपूर आयोडीन असतं.

आबाजींना थायरॉइडचं काम कमी करणारी कार्बिमाझोल २० मिलिग्रॅम रोज, सोबत नाडी आवरायला प्रोप्रानोलोल, आणि हृदयरोगतज्ज्ञांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली. प्रोप्रानोलोल दमेकऱ्याला चालत नाही, आजोबांना दमा असेल तर आधीच सांगून ठेवा. कार्बिमाझोलबद्दल एकच गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. क्वचित कुणाच्या तरी शरीरात ही गोळी पांढऱ्या पेशी एकाएकी संपवते, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. ताप आला, घसा दुखू लागला किंवा तोंडात फोड आले, तर गोळी तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी सीबीसी करा. आपल्याकडे ताप म्हणजे व्हायरल किंवा डेंग्यू समजून दोन दिवस क्रोसिनवर काढतात, या गोळीवर असलेल्या माणसाला ते दोन दिवस परवडत नाहीत.

सहा आठवड्यांनी आबाजींचा फ्री टी-४ १.६ आला, नॉर्मलमध्ये. टीएसएच अजून ०.०१ च होता. मुलगा घाबरून गोळी वाढवायची का विचारायला आला. वाढवायची नसते. दबलेली पिट्यूटरी जागी व्हायला महिने घेते, तोवर डोस टी-४ आणि टी-३ पाहून ठरतो, म्हणून आम्ही तो उलट १० वर आणला. टीएसएचच्या मागे लागून गोळी वाढवत गेलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो: सुस्त, सुजलेला, गारठलेला.

वजन आधी परत येत नाही, आधी भूक येते. सुनेने सांगितलं की एक दिवस आबाजींनी स्वतःहून गोळाभात मागितला. मग नाडी उतरली, आणि तिसऱ्या महिन्यात ते हात न टेकवता खुर्चीतून उठले. हृदयाचा ताल त्यांचा आपोआप सुधारला, पण प्रत्येकाचा सुधारतो असं नाही, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी कधी थांबवायची ते हृदयरोगतज्ज्ञच ठरवतात. हाडं मात्र या आजारात झिजलेली असतात, म्हणून पडण्यापासून जपायला हवं. संडासात धरायला दांडी बसवा, हे आजच करता येईल.

गाठीवरचा कायमचा इलाज गोळी नाही. गोळी सोडली की गाठ पुन्हा सुरू होते. त्यामुळे टी-४ आटोक्यात आल्यावर आबाजींना रेडिओआयोडीन दिलं, न्यूक्लिअर मेडिसिन विभागात प्यायला द्यायचं औषध. त्याच्या काही दिवस आधी कार्बिमाझोल थांबवावं लागतं, आणि नंतर काही दिवस लहान मुलं व गरोदर बाई यांच्यापासून लांब झोपायचं. किती दिवस ते डोसप्रमाणे तिथेच सांगतात. पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, कधी अधिकही. काहींचा थायरॉइड पुढे कमी पडतो आणि थायरॉक्सिनची गोळी कायमची लागते. ती सांभाळायला सोपी आहे.

तुमच्या आजोबांना हेच आहे, असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला तर पोटाचा, आतड्याचा, प्रोस्टेटचा, रक्ताचा शोध पुढे चालू ठेवावाच लागेल, आणि उदासीचाही, कारण ती या वयात स्वतंत्र आजार म्हणून येते आणि औषधाला चांगली दाद देते. थायरॉइड सापडला तरीही वजन आणि भूक तीन महिन्यांत सुधारली नाही तर बाकीचा शोध पुन्हा सुरू करायचा. एका माणसाला दोन आजार असू शकतात.

धंतोली-रामदासपेठेत एमडी मेडिसिन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट सहज मिळतील, खर्चाची अडचण असेल तर मेडिकलची किंवा मेयोची ओपीडी. जाताना चालू औषधांची सगळी पाकिटं, आयुर्वेदिक आणि ताकदीच्या पावडरींसकट, पिशवीत घालून न्या. जुने लॅब रिपोर्टही न्या, त्यात एखाद्या कोपऱ्यात टीएसएच असेल. मात्र आजोबांना धाप लागली, छातीत दुखलं, ताप येऊन भ्रमिष्टासारखं बोलू लागले, किंवा तोंड वाकडं होऊन हात-पाय लुळा पडला, तर ओपीडीची वाट पाहू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या आणि तिथल्या डॉक्टरांना 'थायरॉइड जास्त असण्याची शंका आहे, अजून रिपोर्ट आलेला नाही' हे पहिल्या वाक्यात सांगा.